संदेशवाहक आरएनएची टोपी व शेपटी

संदेशवाहक आरएनएची टोपी व शेपटी : दृश्यकेंद्रकी (कोशिकेत पटलाने वेढलेला सुस्पष्ट केंद्रक असलेल्या) सजीवांमधील संदेशवाहक आरएनएच्या दोन्ही टोकांना होणारी रासायनिक भर. डीएनएवरील जनुकाची प्रत आरएनएच्या रूपात तयार होते, तिला प्रतिलेख म्हणतात. या प्रतिलेखाचे जे टोक प्रथम तयार होते त्याला पाच-प्राइम (५′) टोक व जे शेवटी तयार होते त्याला तीन-प्राइम (३′) टोक अशी नावे आहेत. पहिल्या टोकावर उलट्या दिशेने जोडलेले मिथिलयुक्त ग्वानोसीन बसते. ही टोपी होय. दुसऱ्या टोकाशी ॲडेनीनयुक्त न्यूक्लिओटाइडांची लांब माळ जोडली जाते. ही शेपटी होय. शेपटी जोडण्याच्या क्रियेला पॉलिॲडेनिलीकरण म्हणतात. प्रथिनाचा मजकूर या दोहोंपैकी एकीतही नसतो. तथापि मजकूर किती काळ टिकेल आणि तो किती वेळा वाचला जाईल, हे बऱ्याच अंशी या दोन टोकांवर अवलंबून असते.

या गोष्टीचे ठळक उदाहरण मनुष्याच्या रक्तात सापडते. अस्थिमज्जेत तयार होणारी तांबडी कोशिका पक्व होण्यापूर्वी आपला केंद्रक बाहेर टाकते. त्यानंतर तिला नवा प्रतिलेख तयार करता येत नाही. तरीही पुढील काही दिवस ती हीमोग्लोबिन बनवीत राहते, ते केवळ आधी साठविलेल्या ग्लोबिनाच्या संदेशवाहक आरएनएच्या आधारे. आरएनए हा मुळात अल्पायुषी रेणू असून त्याचे तुकडे करणारी एंझाइमे प्रत्येक कोशिकेत असतात. अशा परिस्थितीत ग्लोबिनाचा संदेश टिकतो कसा, या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग त्याच्या दोन टोकांमध्ये आहे. या टोकांशी संबंधित जागी एका अक्षराचा जरी बदल झाला, तरी हीमोग्लोबिनाचे उत्पादन घटते व थॅलॅसिमिया हा आनुवंशिक रोग उद्‌भवू शकतो.

टोपीची जडणघडण : आरएनएच्या साखळीतील शेजारशेजारचे दोन न्यूक्लिओटाइड एका फॉस्फेटाने जोडलेले असतात आणि ही जोडणी एकाच्या पाचव्या व दुसऱ्याच्या तिसऱ्या कार्बन अणूमध्ये असते. साखळीच्या पहिल्या न्यूक्लिओटाइडाच्या पाचव्या कार्बनावर मात्र तीन फॉस्फेट मोकळे राहिलेले असतात. आरएनए पॉलिमरेज-२ या एंझाइमाने सुमारे २० ते ३० न्यूक्लिओटाइड जोडून होताच, म्हणजे प्रतिलेखाचे टोक एंझाइमातून नुकतेच बाहेर डोकावत असतानाच, टोपी बसविण्यास आरंभ होतो. यासाठी लागणारी एंझाइमे पॉलिमरेजाच्याच लोंबत्या शेपटासारख्या भागावर येऊन थांबलेली असतात.

ही क्रिया तीन पायऱ्यांत होते. प्रथम टोकावरील तीन फॉस्फेटांपैकी सर्वांत बाहेरचा फॉस्फेट काढून टाकला जातो. नंतर ग्वानोसीन ट्रायफॉस्फेटापासून एक ग्वानोसीन मोनोफॉस्फेट घेऊन तो उरलेल्या दोन फॉस्फेटांना जोडला जातो. ही जोडणी पाचव्या कार्बनाची पाचव्या कार्बनाशी, म्हणजे तोंडास तोंड लावून केलेली असते व मध्ये तीन फॉस्फेट राहतात. शेवटी या ग्वानिनाच्या सातव्या स्थानावरील नायट्रोजनास मिथिल गट जोडला जातो. त्यामुळे टोपीवर धन विद्युत् भार येतो. प्राण्यांमध्ये पहिल्या दोन पायऱ्या एकाच प्रथिनाचे दोन भाग पार पाडतात, तर यीस्टमध्ये त्यांसाठी वेगवेगळी प्रथिने असतात. यानंतर उच्च वर्गीय प्राण्यांत साखळीतील पहिल्या न्यूक्लिओटाइडाच्या शर्करेवरही एक मिथिल गट बसतो. या लहानशा खुणेचे महत्त्व पुढे सांगितले आहे.

आरएनएचे पाच-प्राइम टोक खाणारी एंझाइमे मोकळ्या टोकापासून एकेक न्यूक्लिओटाइड सोडवीत पुढे सरकतात. टोपीमुळे टोकाची रचनाच उलटी झालेली असल्याने त्यांना पकड मिळत नाही. टोपीचा शोध १९७४–७५ या काळात लागला. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातील नटली येथील रोश इन्स्टिट्यूटमध्ये एरन शॅटकिन, यासुहिरो फुरुइची व एस. मुथुकृष्णन यांनी रीओव्हायरसाच्या आरएनएत ही रचना दाखविली. फुरुइची यांनी त्यापूर्वी जपानमध्ये रेशीमकिड्याच्या एका व्हायरसावर काम केले होते आणि तेथेच या शोधाचा धागा त्यांच्या हाती लागला होता. याच सुमारास इतर प्रयोगशाळांनीही व्हॅक्सिनिया व्हायरसाच्या व सस्तन प्राण्यांच्या कोशिकांच्या आरएनएत टोपी आढळल्याचे प्रसिद्ध केले.

टोपीची दोन कार्ये एकमेकांपासून वेगळी आहेत, हे याच गटाच्या प्रयोगांवरून स्पष्ट झाले. गव्हाच्या अंकुरापासून काढलेल्या, प्रथिने बनवू शकणाऱ्या अर्कात मिथिलयुक्त टोपी असलेला आरएनए चांगला वाचला गेला आणि टोपी काढून टाकताच वाचन बरेच घटले. १९७७ मध्ये तीन प्रकारच्या आरएनएंची तुलना करण्यात आली : मिथिलयुक्त टोपीचा, मिथिल गट नसलेल्या टोपीचा आणि टोपी नसलेला. बेडकाच्या जातीच्या प्राण्याच्या अंडकोशिकेत हे आरएनए टोचले असता टोपी नसलेला आरएनए लवकर नष्ट झाला; टोपी असलेले दोन्ही प्रकार मात्र टिकले. म्हणजे नाशापासून संरक्षण होण्यास टोक बंद असणे पुरेसे आहे. पण कार्यक्षम वाचनासाठी मिथिल गटही आवश्यक आहे.

शेपटीची जोडणी : शेपटीचा मजकूर जनुकात नसतो. पॉलिमरेज जनुकाच्या शेवटापलीकडेही आरएनए तयार करीत जाते. वाढत्या प्रतिलेखात ए-ए-यू-ए-ए-ए हा सहा अक्षरांचा संकेत आला की, एक प्रथिनसमूह त्याला धरतो. संकेताच्या पुढे ग्वानीन व युरॅसील यांचे आधिक्य असलेला पट्टा असतो, त्याला दुसरा प्रथिनसमूह धरतो. या दोहोंच्या दरम्यान, संकेतापासून साधारणपणे १० ते ३० न्यूक्लिओटाइड अंतरावर, आरएनए कापला जातो. कापलेल्या नव्या टोकाला पॉलि-ए पॉलिमरेज हे एंझाइम कोणत्याही साच्याविना एकामागून एक ॲडेनीनयुक्त न्यूक्लिओटाइड जोडते. सस्तन प्राण्यांत ही संख्या सुमारे २०० ते २५० पर्यंत जाते. यीस्टमध्ये ती बरीच कमी असते.

कापल्यानंतर पुढे उरलेल्या तुकड्याचे काय होते, हे पाहण्यासारखे आहे. पॉलिमरेज अजून पुढे धावत असते व तिच्यामागे आरएनएचा नवा तुकडा लोंबत असतो. परंतु या तुकड्याचे पुढचे टोक टोपीविना उघडे असते. केंद्रकातील एक एंझाइम ते टोक पकडून तुकडा खात खात पॉलिमरेजापर्यंत पोहोचते आणि तिला डीएनएवरून सोडविण्यास हातभार लावते. एकाच प्रतिलेखाचा टोपी व शेपटी असलेला भाग टिकतो आणि टोपी नसलेला भाग काही क्षणांत नष्ट होतो, असा फरक येथे शेजारीशेजारी दिसतो.

शेपटीचे कार्य समजण्यास ग्लोबिनाच्याच संदेशाचा उपयोग झाला. जी. ह्यूए, जी. मारबे व त्यांचे सहकारी यांनी १९७४ मध्ये सशाच्या ग्लोबिनाच्या आरएनएची शेपटी एंझाइमाने काढून टाकली आणि असा आरएनए अंडकोशिकेत टोचला. आरंभी शेपटी असलेल्या व नसलेल्या आरएनएच्या कार्यात फारसा फरक नव्हता; पण जसजसा वेळ गेला तसतसे शेपटी नसलेल्या आरएनएपासून होणारे ग्लोबिनाचे उत्पादन मंदावत गेले. शेपटी असलेला आरएनए मात्र दीर्घकाळ काम करीत राहिला. पुढील वर्षी काढलेली शेपटी पुन्हा जोडून पाहिली असता गेलेला टिकाऊपणा परत आला.

दोन टोकांचे एकत्र येणे : केंद्रकातून बाहेर पडल्यावर कोशिकाद्रव्यात टोपीला ई-आयएफ-४-ई हे प्रथिन धरते. त्यातील एका खाचेत टोपीचे धन भारित ग्वानीन दोन ट्रिप्टोफान अवशेषांच्या मध्ये बरोबर बसते. मिथिल गटाविना ही पकड ढिली राहते. वर वर्णिलेल्या प्रयोगांमागचे कारण हेच. शेपटीवर पॉलि-ए बंधक प्रथिनाचे रेणू ओळीने बसतात व प्रत्येक रेणू साधारण २५ ॲडेनिने झाकतो. टोपीवरील प्रथिन व शेपटीवरील प्रथिन या दोहोंना ई-आयएफ-४-जी हे तिसरे मोठे प्रथिन एकाच वेळी धरते. परिणामी आरएनएची दोन दूरची टोके जवळ येऊन कडे तयार होते. यीस्टमधील प्रथिने व टोपी-शेपटीयुक्त आरएनए एकत्र करून अशी कडी १९९८ मध्ये अणुबल सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहण्यात आली.

हेच तिसरे प्रथिन पुढे रायबोसोमाच्या लहान उपएककाला टोपीपाशी बोलावून घेते. उपएकक तेथून आरएनएवर सरकत जाऊन ए-यू-जी हा आरंभसंकेत शोधते व प्रथिननिर्मिती सुरू होते. दोन्ही टोके अखंड असल्याशिवाय ही जुळणी नीट होत नसल्याने, अर्धवट तुटलेला संदेश सहसा वाचला जात नाही. पोलिओचा व्हायरस नेमक्या याच दुव्यावर घाला घालतो. त्याचे एक एंझाइम ई-आयएफ-४-जी कापते, त्यामुळे कोशिकेचे टोपीयुक्त संदेश वाचले जाणे थांबते. व्हायरसाच्या स्वतःच्या आरएनएस टोपी नसते. रायबोसोम थेट बसण्यासाठी त्यात निराळी गुंतागुंतीची घडी असते.

संदेशाचा अंतही याच टोकांपासून सुरू होतो. कोशिकाद्रव्यातील एंझाइमे शेपटी हळूहळू खुडत जातात. ती फार आखूड झाली की बंधक प्रथिने सुटतात व कडे उघडते. त्यानंतर दुसरे एंझाइम टोपी काढून टाकते आणि उघड्या पडलेल्या पाच-प्राइम टोकाकडून आरएनए झपाट्याने खाल्ला जातो. काही अंशी तो मागल्या टोकाकडूनही नष्ट होतो. शेपटी किती वेगाने आखूड व्हावी हे शेपटीच्या अलीकडील, प्रथिनाचा मजकूर नसलेला भाग ठरवितो. ग्लोबिनाच्या संदेशातील या भागावर बसणारी प्रथिने त्याला दीर्घायुषी करतात. शेपटी जितकी लांब तितके वाचन जास्त, असा सरळ नियम मात्र सर्वत्र लागू पडत नाही. आरंभीच्या भ्रूणात तसा संबंध दिसतो. पुढच्या कोशिकांत तो फारसा आढळत नाही. विभाजन पावणाऱ्या कोशिकांतील हिस्टोन प्रथिनांच्या संदेशांना तर शेपटीच नसते. तिच्या जागी आरएनएची एक आखूड दुमड हे काम करते.

एका अक्षराचा दोष : टोकांच्या महत्त्वाचा प्रत्यक्ष पुरावा थॅलॅसिमियाच्या रुग्णांच्या अभ्यासातून मिळाला. १९८३ मध्ये सौदी अरेबियातील आल्फा थॅलॅसिमियाच्या रुग्णांत शेपटीच्या संकेतातील शेवटचे अक्षर बदललेले आढळले. १९८५ मध्ये स्ट्युअर्ट ऑर्किन व त्यांचे सहकारी यांनी कृष्णवर्णीय अमेरिकी रुग्णांत बीटा ग्लोबिन जनुकातील तसाच दोष वर्णिला. जनुकात ए-ए-टी-ए-ए-ए असावयास हवे तेथे ए-ए-सी-ए-ए-ए होते. प्रथिनाच्या मजकुरात काहीही दोष नव्हता. रुग्णाच्या तांबड्या कोशिकांच्या पूर्वज कोशिकांतील आरएनए तपासला असता नेहमीच्या संदेशाबरोबर सुमारे १,५०० न्यूक्लिओटाइड लांबीचा आरएनए सापडला. तो नेहमीच्या जागी न तुटता सुमारे ९०० न्यूक्लिओटाइड पुढे गेला होता आणि तेथे योगायोगाने आलेल्या दुसऱ्या ए-ए-टी-ए-ए-ए संकेतापाशी संपला होता. मूळ संकेत बिघडल्याने कापणारी यंत्रणा बहुतेक वेळा तेथे थांबत नव्हती. नेहमीच्या ठिकाणी संपलेला योग्य संदेश थोडाच तयार होत असल्याने बीटा ग्लोबिन कमी पडत होते. उत्पादन पूर्णपणे बंद पडत नसल्याने अशा दोषाची गणना सौम्य प्रकारात होते.

दुसऱ्या टोकाशी संबंधित दोष भारतीय वाचकांना अधिक जवळचा आहे. बीटा ग्लोबिनाच्या संदेशातील पहिलेच अक्षर, म्हणजे ज्यावर टोपी बसते ते ॲडेनीन, बदलून त्या जागी सायटोसीन येणे हा दोष १९८० नंतरच्या दशकात भारतीय वंशाच्या व्यक्तीत वर्णिला गेला. प्रतिलेखनाचा आरंभ व टोपीची जोडणी या दोन्ही घटना याच स्थानाशी निगडित असल्याने तेथील बदलामुळे संदेशाचे प्रमाण घटते; पण ही घट थोडी असते. भारतात सर्वाधिक आढळणारा बीटा थॅलॅसिमियाचा दोष याहून निराळा आहे. तो प्रतिलेखातील निरुपयोगी भाग कापून काढण्याच्या क्रियेत बिघाड करतो व अधिक तीव्र असतो.

घट थोडी असणे हीच येथे निदानातील अडचण ठरते. थॅलॅसिमियाचा वाहक ओळखण्यासाठी सामान्यतः तांबड्या कोशिकांचा सरासरी आकार मोजतात आणि हीमोग्लोबिन ए-२ या प्रकाराचे प्रमाण पाहतात. कोशिका लहान असून हे प्रमाण सुमारे ३·५ टक्क्यांहून अधिक असल्यास ती व्यक्ती वाहक समजली जाते. पहिल्या अक्षरातील दोषाच्या वाहकात मात्र दोन्ही आकडे स्वाभाविक मर्यादेत किंवा सीमेवर असू शकतात व तो चाळणी परीक्षेतून सुटतो. अशा व्यक्तीचा विवाह तीव्र दोषाच्या वाहकाशी झाला, तर प्रत्येक गर्भधारणेत अपत्याला दोन्ही दोष मिळण्याची शक्यता चारात एक असते. अशा अपत्याचा रोग बहुधा मध्यम स्वरूपाचा असतो. यास्तव एक जोडीदार निश्चित वाहक असेल व दुसऱ्याचे आकडे सीमेवर असतील, तर दुसऱ्याच्या जनुकाचा अक्षरक्रम प्रत्यक्ष वाचणे हाच खात्रीचा मार्ग होय. तो वाचताना केवळ प्रथिनाचा मजकूर न पाहता जनुकाच्या दोन्ही कडाही वाचाव्या लागतात. मुंबई येथील भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय प्रतिरक्षारुधिरविज्ञान संस्थेत अशा दोषांचे निदान व गर्भाची जन्मपूर्व तपासणी ही कामे केली जातात.

कृत्रिम संदेश : केंद्रक गमावलेल्या तांबड्या कोशिकेप्रमाणेच, बाहेरून टोचलेल्या संदेशवाहक आरएनएलाही केंद्रकाची मदत मिळत नाही. तो थेट कोशिकाद्रव्यात उतरतो, त्यामुळे त्याची टोपी व शेपटी आधीच तयार करून द्यावी लागतात. पुण्यातील जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्स या कंपनीच्या जेमकोव्हॅक-१९ या कोविड-१९ वरील लशीला जून २०२२ मध्ये आणीबाणीच्या वापरासाठी परवानगी मिळाली. संदेशवाहक आरएनएवर आधारलेली व भारतात विकसित झालेली ही पहिली लस होय. २ ते ८ अंश से. तापमानात ती साठविता येते. तिच्यात स्वतःच्या प्रती काढणारा आरएनए वापरलेला आहे.

असा आरएनए कारखान्यात डीएनएच्या साच्यावरून एका जीवाणुभक्षक व्हायरसाच्या पॉलिमरेजाने तयार करतात. या पॉलिमरेजाला टोपी बसविता येत नाही. तेव्हा टोपी एकतर व्हॅक्सिनिया व्हायरसाच्या एंझाइमाने नंतर जोडतात किंवा टोपीसारखा तयार रेणू मिश्रणात घालून साखळीचा आरंभच त्यापासून करवितात. काही रेणू टोपीविना राहिले तर ते वाया जातातच, शिवाय त्यांच्या टोकावरील तीन उघडे फॉस्फेट पाहून कोशिका व्हायरस शिरल्याचे समजते व प्रथिननिर्मिती आवरते घेते. पहिल्या न्यूक्लिओटाइडावरील ज्या मिथिल गटाचा उल्लेख वर आला आहे, तोही स्वकीय आरएनए ओळखण्याची खूण आहे. तो नसलेल्या टोपीयुक्त आरएनएला पकडणारे प्रथिन कोशिकेत असते. म्हणून तयार मालाच्या चाचणीत पाच-प्राइम टोकाचा लहानसा तुकडा कापून घेऊन त्याचे वस्तुमान मोजतात व शेकडा किती रेणूंना पूर्ण टोपी बसली आहे ते ठरवितात.

शेपटीची अडचण निराळी आहे. तिचा मजकूर साच्यातच घालावा लागतो. परंतु साचा जीवाणूंत वाढविताना एकाच अक्षराची लांब माळ वारंवार आखूड होते. फायझर व बायोएनटेक यांच्या लशीत यावर उपाय म्हणून शेपटीचे ३० व ७० ॲडेनिनांचे दोन भाग करून मध्ये १० न्यूक्लिओटाइडांचा दुवा घातलेला आहे. स्वतःच्या प्रती काढणाऱ्या आरएनएत आणखी एक गोष्ट साधावी लागते. कारखान्यात टोपी फक्त मूळ रेणूला मिळते. कोशिकेत निघणाऱ्या प्रतींना ती मिळण्याची सोय आरएनएतच असावी लागते. असे आरएनए आल्फाव्हायरसांच्या जनुकांवरून बेतलेले असतात. या व्हायरसांचे एक एंझाइम नेहमीच्या क्रमाच्या उलट, ग्वानोसीन ट्रायफॉस्फेटाला आधी मिथिल गट जोडून ते स्वतःवर धारण करते आणि मग प्रतीच्या टोकावर बसविते. टोपीयुक्त मूळ रेणू प्रथम वाचला गेला, तरच हे एंझाइम तयार होते. त्यामुळे मूळ टोपी सदोष असल्यास पुढील प्रतीही निघत नाहीत.